'बहुसंख्य नागरिकांना' असं कधी लिहावं?

प्रश्न: सर्वेक्षणाच्या स्लाइडवर "सायकलींसाठी वेगळी मार्गिका हवी: 54%, n = 400, ±4.9%" एवढंच आहे. अहवालात "बहुसंख्य नागरिकांना सायकल मार्गिका हवी आहे" असं लिहिलं तर चालेल का? आणि त्या ±4.9 ला 'त्रुटीची मर्यादा' म्हणायचं ना?

उत्तर: 'बहुसंख्य' इथे चालणार नाही, आणि 'नागरिकांना' तर त्याहून नाही. स्लाइडवर एक गोष्ट पक्की आहे: ४०० जणांना विचारलं, त्यातल्या २१६ जणांनी मार्गिका हवी म्हटलं. सगळ्या शहराला काय हवंय, हा त्यावरून बांधलेला अंदाज आहे. ५४ मधून ४.९ वजा केले की ४९.१ उरतात, मिळवले की ५८.९ होतात. खालचं टोक निम्म्याच्या आत येतं, त्यामुळे निम्म्याहून अधिक शहर बाजूने आहे हे या आकड्यांवरून ठरत नाही. शिवाय 'बहुसंख्य' म्हणजे निम्म्याहून जास्त असा अर्थ कोणी सांगेलही, पण वाचणाऱ्याच्या कानाला तो 'बहुतेक सगळे'च्या जवळचा लागतो. ५४ टक्क्यांना तो शब्द सैलच होतो.

मी असं लिहीन:

"विचारलेल्या ४०० जणांपैकी ५४ टक्क्यांनी सायकलींसाठी वेगळी मार्गिका हवी असं सांगितलं. शहरातलं खरं प्रमाण साधारण ४९ ते ५९ टक्क्यांच्या दरम्यान असावं; त्यामुळे निम्म्याहून अधिक शहराचा पाठिंबा आहे असं या पाहणीवरून ठामपणे म्हणता येत नाही."

सावधगिरीचं वाक्य आकड्याला चिकटूनच हवं. तळटीपेत गेलं की मथळा लिहिणारा ते वाचत नाही. उरलेल्या ४६ टक्क्यांना 'विरोध' म्हणण्याआधी मूळ तक्ता पाहा. त्यात 'सांगता येत नाही' म्हणणारेही असू शकतात.

आता 'त्रुटीची मर्यादा'. हा शब्दप्रयोग रूढ आहे, पण त्यातले दोन्ही शब्द दिशाभूल करतात. 'त्रुटी' म्हटलं की कोणाच्या तरी कामात उणीव राहिली असं वाटतं. इथे कोणी चुकलेलं नसतं. सगळ्यांऐवजी चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या ४०० जणांना विचारलं, म्हणून आकडा थोडा इकडे-तिकडे होतो, इतकंच. 'मर्यादा' शब्दाने त्यापलीकडे फरक जाणारच नाही असा भास होतो. प्रत्यक्षात हा हिशोब सहसा ९५ टक्के खात्रीचा असतो: अशा पाहण्या पुन्हापुन्हा घेतल्या तर वीसातल्या एखादीत खरं प्रमाण त्या पट्ट्याबाहेर पडेल. म्हणून 'अंदाजातला अधिक-उणे फरक' हे मला जास्त प्रामाणिक वाटतं. ('नमुना' शब्दाचंही तेच. 'नमुन्याचा आकार' पाठ्यपुस्तकात ठीक आहे; एरवी "काय नमुना आहे!" हेच आधी आठवतं. सरळ 'इतक्या जणांना विचारलं' लिहा.)

या फरकात प्रश्नाची तिरकी शब्दरचना किंवा फोनच न उचलणारे लोक धरलेले नसतात. आणि ज्याला वाटलं त्याने दुवा उघडून उत्तर दिलं, अशा पाहणीला ±4.9 लावणंच गैर. तिथे "उत्तर देणाऱ्यांपैकी" एवढ्यावर थांबावं.

सगळ्यात जास्त घसरगुंडी पुढच्या स्लाइडवर होते. समजा तिथे तरुण ६५ टक्के आणि ज्येष्ठ ५२.५ टक्के बाजूने दिसतात. मोठ्या अक्षरातला ±4.9 इथे लागू नाही, कारण तो सगळ्या ४०० जणांचा आहे. तरुण ६० असतील, तर ६५ टक्के म्हणजे ३९ माणसं, आणि त्यांचा फरक अधिक-उणे १२ होतो. ज्येष्ठ ८० असतील, तर ५२.५ टक्के म्हणजे ४२ माणसं, फरक अधिक-उणे ११. दोन गटांतल्या अंतराचा फरक त्याहून मोठा, सुमारे १६; आणि दिसणारं अंतर आहे साडेबारा. तेव्हा "तरुणांचा पाठिंबा ज्येष्ठांपेक्षा अधिक" हे वाक्य उभं राहत नाही. "या पाहणीत तरुणांमध्ये प्रमाण अधिक दिसलं, पण दोन्ही गट लहान असल्याने फरक खराच आहे असं म्हणता येत नाही" इतकं लिहिता येईल. गटातली संख्या स्लाइडवर नसेल, तर ती मागून घेईपर्यंत तुलना लिहू नका.

एक प्रत्ययाची गोष्ट. गेल्या वेळी ५०, आता ५४ असेल तर "४ टक्क्यांनी वाढ" लिहू नये. ५० वर ४ ची भर म्हणजे ८ टक्के वाढ, असंही कोणी म्हणेल. "५० वरून ५४ टक्क्यांवर" लिहिलं की वाद मिटतो. मात्र दोन्ही वेळा ४०० जणच असतील, तर दोन पाहण्यांतल्या अंतराचा अधिक-उणे फरक सुमारे ७ येतो, म्हणून इथे 'वाढलं' हे क्रियापदही टाळून 'प्रमाण बदललं असं ठामपणे म्हणता येत नाही' म्हणणं बरं.