पासबुकातलं BY, TO, CLG आणि RTN

प्रश्न : "वडिलांच्या पासबुकाच्या पानाचा फोटो जोडला आहे. B/F, BY CLG, TO O/W RTN, ACH DR RTN CHG, INT PD असं लिहिलंय. पैसे नक्की आले की गेले? आणि २९५ रुपये कशाचे कापले?"

पासबुक ही बँकेच्या खातेवहीची नक्कल असते, म्हणून त्यातली भाषा बँकेच्या बाजूने लिहिलेली असते. BY आणि TO हे जुन्या इंग्रजी जमाखर्चातले शब्द आहेत. BY ने सुरू होणारी नोंद जमेची, TO ने सुरू होणारी नावेची. इंग्रजी शब्दांचा नेहमीचा अर्थ इथे लावू नका, तो उलटाच वाटेल. 'TO CASH' म्हणजे रोख खात्यातून काढली, 'BY CASH' म्हणजे रोख भरली. CR म्हणजे जमा आणि DR म्हणजे नावे. शिलकेच्या आकड्यापुढे Cr असेल तर तेवढे पैसे तुमचे आहेत.

आता पान वरून खाली वाचू.

B/F ६,२४० ही मागच्या पानावरून ओढलेली शिल्लक, व्यवहार नव्हे. पुढची ओळ BY CLG १२,०००. CLG म्हणजे क्लिअरिंग, चेक वटवण्याची प्रक्रिया. वडिलांनी दुसऱ्या बँकेचा चेक भरला, तो जमा धरला आणि शिल्लक १८,२४० झाली. लगेच खाली TO O/W RTN १२,००० आहे, म्हणजे तोच चेक न वटता परत आला आणि जमा मागे घेतली. शिल्लक पुन्हा ६,२४०.

O/W आणि I/W या दोन अक्षरांत सगळ्यात जास्त गल्लत होते. ती जावक आणि आवक अशी वाचा, पण तुमच्या शाखेच्या दारात उभं राहून. तुम्ही भरलेला चेक शाखेतून बाहेर जातो, म्हणून तो परतला की O/W RTN. तुम्ही दुसऱ्याला दिलेला चेक तुमच्या शाखेकडे येतो, म्हणून तो न वटल्यास I/W RTN. पहिल्यात चेक देणाऱ्याकडे चौकशी करायची असते, दुसऱ्यात दोष बहुधा आपल्याच शिलकेचा किंवा सहीचा असतो. तुमच्या पानावर O/W आहे, म्हणजे चेक देणाऱ्याला गाठायचं. त्याखालचे ११८ रुपये हे परतावणीचं शुल्क : १०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. शिल्लक ६,१२२.

तुमचे २९५ इथून पुढे येतात. ACH DR म्हणजे आधी दिलेल्या संमतीनुसार कर्जाचा हप्ता, विमा किंवा एसआयपी आपोआप वळती होणं. RTN म्हणजे ती मागणी परत गेली, CHG म्हणजे त्याचा आकार. २५० अधिक ४५ जीएसटी, मिळून २९५. काही बँका हा कर २२.५० अशा दोन ओळींत, केंद्राचा आणि राज्याचा वेगळा छापतात. हप्ता वळताच झाला नाही, म्हणून हप्त्याची ओळ पानावर नाही, फक्त दंडाची आहे. वडिलांचा हप्ता ६,१२२ पेक्षा मोठा असेल, तर १२,००० चा चेक परतला म्हणूनच तो अडला. हे २९५ तुमच्या बँकेचे. कर्ज देणारी संस्था तिचा दंड वेगळा लावू शकते आणि तो या पासबुकात दिसेलच असं नाही. हप्त्याची मागणी पुन्हा आली आणि तेव्हाही शिल्लक अपुरी असली, तर हाच आकार परत लागू शकतो. म्हणून आधी खात्यात हप्त्यापुरते पैसे ठेवा.

शेवटची ओळ INT PD ४२. 'व्याज भरलं' असं वाचून घाबरू नका, भरणारी बँक आहे. बचत खात्यावरचं व्याज जमा झालं, शिल्लक ५,८२७ वरून ५,८६९.

फोटोत CLG आणि CHG सारखेच दिसतात, रिबन फिकी झाली की असं होतंच. अशा वेळी अक्षरांवर विसंबू नका, वरच्या ओळीची शिल्लक आणि खालची शिल्लक यांतला फरक काढा. शिल्लक घटली तर नावे, वाढली तर जमा. तरीही उलगडा झाला नाही तर शाखेत विचारा. नोंदी ग्राहकाला कळतील इतक्या तपशिलाने छापाव्यात, असं रिझर्व्ह बँकेने जून २०१७ मध्ये बँकांना बजावलं आहे. आणि फोटो पाठवताना खाते क्रमांक झाकत जा.

परतलेल्या चेकबरोबर बँक कारण लिहिलेला मेमो देते, तो मागून घ्या. 'अपुरी शिल्लक' असेल तर चेक देणाऱ्याशी बोलून तो पुन्हा भरता येतो, पण त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आतच. तो पैसे देत नसेल, तर परतल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत त्याला लेखी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यावर त्याला पैसे द्यायला १५ दिवस असतात.