जुन्या घराच्या पायावर आणखी दोन मजले चढतील का?

प्रश्न: आमचे तीस वर्षांपूर्वीचे, नऊ इंची विटांच्या भिंतींचे एकमजली घर आहे. त्यावर आणखी दोन मजले चढवता येतील का, आणि त्यासाठी काय तपासावे?

पाया उघडून त्याची रुंदी, खोली आणि खालची माती प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय होकार देता येणार नाही. कारण भार वाढतो तो थोडाथोडका नव्हे. साडेतीन मीटर गाळ्याचे दोन स्लॅब एकाच मधल्या भिंतीवर टेकत असतील, तर भिंतीसह प्रत्येक मजल्याचा भार दर मीटर लांबीला साधारण साडेतीन टन येतो. जोते आणि पाया धरून आजचे पाच टन उद्या बारा होतील. पाया 75 सेंटीमीटर रुंद असल्यास मातीवरचा दाब चौरस मीटरला सुमारे 7 टनांवरून 16 टनांवर जाईल. घट्ट मुरूम हा दाब बहुधा सोसतो, काळी माती नाही.

म्हणून संरचना अभियंत्याच्या देखरेखीखाली मधल्या भिंतीलगत आणि एका कोपऱ्यात मीटरभर लांबीचे खड्डे, एका वेळी एकच, पायाच्या तळापर्यंत घ्यावेत. तळाच्या खाली मुळीच खणू नये आणि मोजमाप होताच खड्डा ठोकून भरावा. मातीची धारणक्षमता भू-तांत्रिक प्रयोगशाळेकडून बोअर घेऊन ठरवून घ्यावी, कारण खड्ड्यात दिसणाऱ्या मुरमाखाली मऊ थर असू शकतो. दरवाजांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा गेल्या असतील, तर पाया आजच असमान खचत असण्याची शंका घ्यावी.

मात्र पाया पुरेसा ठरला, तरी तळमजल्याच्या भिंती आणि त्यांतून सलग फिरणाऱ्या काँक्रीटच्या भूकंपरोधक पट्ट्या यांची तपासणी वेगळी करावी लागते. पट्ट्या नसतील, तर मी दोन मजल्यांचा सल्ला देणार नाही.