घरच्या सगळ्यांसाठी एकच ईमेल पत्ता: नुसता फॉरवर्ड ठेवू नका

प्रश्न: "आमचं स्वतःचं डोमेन आहे. त्यावर घरचा एक पत्ता काढून त्यावर आलेली मेल आम्हा चौघांना पोचवायची आहे. फॉरवर्डिंग पुरेसं आहे का, की सामायिक मेलबॉक्स घ्यावा? दोन्हींत नेमका फरक काय?"

हे वाचून माझी जुनी जखम पुन्हा भळभळली. फॉरवर्डिंग कसं लावायचं ते डोमेनवाल्याच्या पॅनेलवर दिसेलच, त्यात पडत नाही. मी आयटीतला नाही, पोळलेला माणूस आहे, त्या हिशेबाने वाचा.

फॉरवर्ड पत्ता म्हणजे नुसती पाटी. तिच्यामागे खोली नाही. आलेल्या मेलच्या चार प्रती निघतात आणि चौघांच्या इनबॉक्समध्ये जातात. मागे काही उरत नाही, त्या पत्त्याला पासवर्डही नसतो. सामायिक मेलबॉक्स ही खरी खोली: प्रत एकच, एकाने वाचली की सगळ्यांना वाचलेली दिसते, एकाने उडवली की सगळ्यांची जाते. पाचवा माणूस नंतर आला तर त्याला जुनी मेलही सापडते. फॉरवर्डमध्ये तो आला त्या दिवसापासूनचीच मिळते.

पण खरी गोची उत्तर देताना होते. आम्ही बाबांच्या विम्याच्या कागदांवर घरचा फॉरवर्ड पत्ता दिला होता. एक दिवस त्या कार्यालयाची मेल आली: सोबतचा फॉर्म सही करून याच नोंदलेल्या पत्त्यावरून परत पाठवा. चौघांनाही मिळाली. बहिणीने लगेच फॉर्म भरून रिप्लाय केला. तो गेला अर्थातच तिच्या स्वतःच्या जीमेलवरून. "आपला पत्ता आमच्याकडे नोंदलेला नाही" असं आपोआप आलेलं उत्तर फक्त तिलाच मिळालं, तेही स्पॅममध्ये. आम्ही बाकीचे तिघे निर्धास्त, कारण ताईने पाठवलंय. तीन आठवडे असेच गेले.

मग म्हटलं, नोंदलेला पत्ताच बदलून घेऊ. तर तो अर्जसुद्धा जुन्याच पत्त्यावरून हवा! फोनवरच्या बाईंना मी दोनदा समजावलं की या पत्त्यावरून मेल पाठवताच येत नाही, फक्त येते. त्या म्हणाल्या, "सर, ईमेल आहे म्हणजे पाठवता येणारच ना." शेवटी बाबा स्वतः कागद घेऊन गेले. त्या कार्यालयाबद्दल अजून बरंच लिहिता येईल, पण असो.

जीमेलच्या सेटिंग्जमध्ये `Accounts and Import` खाली `Send mail as` आहे, तिथे घरचा पत्ता जोडता येईल असं मला वाटलं होतं. पण आपल्या डोमेनच्या पत्त्यासाठी ते पाठवणारा सर्व्हर, युजरनेम आणि पासवर्ड मागतं. पाटीकडे यातलं काहीच नसतं.

म्हणून माझं मत, पटलं तर घ्या: डोमेनवर घरचा एक खरा मेलबॉक्स घ्या आणि त्यातूनच चौघांना फॉरवर्ड लावा. तिथे "मूळ प्रत ठेवा" अशा अर्थाचा पर्याय असतो, तो चालू ठेवा. आता मेल चौघांना नेहमीच्या इनबॉक्समध्ये दिसते, जुनं सगळं एका जागी राहतं आणि त्याच मेलबॉक्सचा सर्व्हर व पासवर्ड `Send mail as` मध्ये टाकून घरच्या पत्त्यावरून उत्तरही देता येतं. उत्तर देताना `From` मध्ये घरचा पत्ता निवडायचा आणि `Cc` मध्येही तोच टाकायचा, म्हणजे उत्तर गेलं हे बाकीच्यांनाही कळतं. हे `From` विसरलात तर आमच्या ताईसारखंच होणार.

चाचणी घेताना चौघांपैकी कुणाच्या जीमेलवरून मेल पाठवू नका. स्वतः पाठवलेली मेल फिरून आली तर जीमेल ती इनबॉक्समध्ये पुन्हा दाखवत नाही. मी यापायी एक अख्खी संध्याकाळ सेटिंग्ज उलटीपालटी केली होती. बाहेरच्या कुणाला तरी पाठवायला सांगा, मग आलेल्या मेलवर `Show original` उघडा. फॉरवर्ड झालेल्या मेलमध्ये SPF, म्हणजे मेल पाठवणाऱ्याने मान्य केलेल्या सर्व्हरवरून आली का ही तपासणी, नापास दिसू शकतं, कारण मेल मूळ सर्व्हरकडून थेट आलेली नसते. DKIM म्हणजे पाठवणाऱ्याच्या डोमेनची मेलवरची डिजिटल सही आणि DMARC म्हणजे `From` मधलं डोमेन या तपासण्यांशी जुळतं का ते. या दोन्हींपुढे `PASS` असेल तर काळजी नको. विषयाच्या आधी [घर] असा शिक्का मारायची सोय असली तरी ती वापरू नका. विषय बदलला की बहुधा DKIM ची सही मोडते, आणि कडक नियम लावलेल्या पाठवणाऱ्यांची मेल मग स्पॅममध्ये जाते किंवा परत फिरते.

आणखी एक. जाहिरातीची मेल आली की खालच्या `Unsubscribe` वर एकाने टिचकी मारली तरी चौघांचीही मेल बंद होते, कारण पाठवणाऱ्याला पत्ता एकच दिसतो. आमच्याकडे धाकट्याने असं वीजबिलाचं बंद केलं होतं. बँकेचा पत्ता मात्र ज्याचं खातं त्याचाच द्या. पासवर्ड बदलायची लिंक चौघांकडे जाणं मला तरी पटत नाही, घरचेच असले तरी.