विषय मोठा आहे म्हणून गाइड परत पाठवतात, मग छोटा करायचा कसा?

*मॅडम, मी एलएलएमला आहे. डिझर्टेशनसाठी 'डिजिटल युगातील गोपनीयतेचा अधिकार : एक चिकित्सक अभ्यास' असा विषय दिला होता, गाइडनी दोनदा परत पाठवला. म्हणाले, यात प्रश्न कुठाय, आर्ग्युमेंट कुठाय? विषय मला मनापासून आवडतो, सोडायचा नाहीये, पुट्टस्वामी निकालावर वीस पानं लिहूनही झालीत. आता तो छोटा कसा करू? आणि आर्ग्युमेंट म्हणजे नक्की काय, मी तर सगळ्यांची मतं मांडणार होते.*

अगं, ती वीस पानं आधी बाजूला ठेव, फेकू नको, पण उघडूही नको. पुट्टस्वामी म्हणजे २०१७ चा नऊ न्यायमूर्तींचा निकाल, गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे असं त्यात एकमताने ठरलं, आता ते ठरलंय म्हटल्यावर त्यावर वीस पानं लिहून तू कोणाशी भांडणार? सारांश होतो फक्त. गाइडना तेच खटकलं असणार.

विषय छोटा करायचा म्हटलं की मुलं काय करतात, मोठ्या शीर्षकापुढे 'महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात' किंवा '२०१७ ते २०२४' असं जोडतात. त्याने पानं कमी होतात, प्रश्न काही मिळत नाही. (मी स्वतः एलएलएमला हेच केलं होतं, आणि व्हायव्हाला 'मग तुमचं म्हणणं काय?' या एका वाक्यावर गप्प बसले होते.) कायद्यात प्रश्न सापडतो तो दोन ठिकाणी. एक, जिथे दोन निकाल एकमेकांना जुळत नाहीत. दुसरं, जिथे जुना नियम अशा कामाला लावलाय जे तो नियम ठरवताना कोणाच्या डोक्यातच नव्हतं. तुझ्या विषयात या दोन्ही गोष्टी एकाच जागी सापडतात, ती म्हणजे आरोपीच्या मोबाईलचं लॉक.

पोलिसांनी फोन जप्त केला. तो पासवर्डने उघडतो किंवा बोटाने. आरोपीला तो उघडायला भाग पाडता येईल का? घटनेचं कलम २०(३) म्हणतं, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायची सक्ती करता येणार नाही. त्यावर पाया म्हणजे काठी कालू ओघड, १९६१, अकरा न्यायमूर्ती. बहुमत म्हणालं की साक्षीदार होणं म्हणजे स्वतःला माहीत असलेली गोष्ट सांगणं, बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं त्यात येत नाही. मग सेल्वी, २०१०, आरोपीच्या इच्छेविरुद्ध नार्को चाचणी, लाय डिटेक्टर वगैरे चालणार नाही, कारण तिथे माणसाच्या मनातलं बाहेर काढलं जातं. आता पुढचं बघ. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने वीरेंद्र खन्ना प्रकरणात म्हटलं की पासवर्ड द्यायला लावणं म्हणजे साक्ष द्यायला लावणं नव्हे. आणि २०२२ मध्ये दिल्लीच्या सीबीआय विशेष न्यायालयाने म्हटलं, पासवर्ड सांगायला लावता येणार नाही पण बोटाने उघडायला लावता येईल. दुसरं न्यायालय खालच्या पायरीचं आहे, त्यामुळे 'दोन न्यायालयांत संघर्ष' असं ठसक्यात लिहू नको, परीक्षक लगेच पकडतील. पण तर्क दोन आहेत आणि ते जुळत नाहीत, तुला तेवढं पुरे.

आता यातून प्रश्न कसा काढायचा. 'फोन अनलॉक करायची सक्ती घटनाबाह्य आहे का?' हा अजून ढोबळ आहे, पासवर्ड, बोट, चेहरा, जप्ती, वॉरंट सगळं एकाच पोत्यात. पासवर्डचं उत्तर सेल्वीमधून बरंचसं निघतं, पासवर्ड डोक्यातच असतो. अडकतं ते बोटापाशी. म्हणून प्रश्न असा घे: 'काठी कालू ओघडमधला बोटांच्या ठशांचा नियम, बोटाने फोन उघडायला लावण्याला लागू करता येतो का?' एक निकाल, एक कृती, एक कलम. चेहऱ्याने उघडणारा फोन तळटीपेत टाक.

मग आर्ग्युमेंट. त्यासाठी हेडनोट नको, मूळ निकाल वाच आणि ठसा कशासाठी घेतला जातो तेवढंच शोध. तुलनेसाठी. ठसा स्वतः काहीच सांगत नाही, दुसऱ्या ठशाशी जुळला तर पुरावा, नाहीतर नुसती शाई. वेगळं मत देणाऱ्या तीन न्यायमूर्तींनीही हाच धागा धरलाय, की नमुना स्वतःहून कोणाला अडकवत नाही. फोनवर ठेवलेल्या बोटाची तुलना पोलिसांना करायचीच नसते, त्यांना आतला मजकूर हवा असतो, आणि बोट चाललं की हा फोन या माणसाच्या ताब्यातला आहे हेही त्याच क्षणी कळतं. म्हणजे तुझं एक वाक्य तयार: 'ठशाचा नियम तुलनेच्या कारणावर उभा आहे, फोन उघडताना ते कारणच उरत नाही, म्हणून तो नियम इथे आणता येत नाही.' आर्ग्युमेंट म्हणजे एवढंच, 'म्हणून' असलेलं एक वाक्य ज्याला शहाणा माणूस नाही म्हणू शकतो. 'गोपनीयता आणि तपास यात समतोल हवा' याला कोणी नाही म्हणत नाही, म्हणून ते आर्ग्युमेंट नाही.

शहाणा माणूस काय म्हणेल तेही तूच लिही, आणि जोरात लिही. तो म्हणेल, बोट ठेवताना आरोपी स्वतःच्या माहितीतलं काहीच सांगत नाही, झोपेत असला तरी फोन उघडेल, आणि सेल्वीची कसोटी तर माहिती सांगण्याचीच आहे. हा मुद्दा तगडा आहे गं, मला वाटतं तुझा अर्धा प्रबंध यालाच उत्तर देण्यात जाईल. दुसरा म्हणेल, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ खाली मॅजिस्ट्रेटला बोटांचे ठसे द्यायला लावता येतात की. तिथे विचारायचं, तो ठशाचा नमुना देण्याचा आदेश आहे, कुलूप उघडण्याचा आहे का? सगळ्यांची मतं मांडायची हौस इथे भागेल, पण प्रत्येक मत तुझ्या वाक्याच्या बाजूने किंवा विरुद्ध उभं असलं पाहिजे, नुसतं रांगेत नको.

बघितलंस का, गोपनीयतेवरून निघालीस आणि कलम २१ वरून २०(३) वर आलीस. शोधताना असं होतं, घाबरू नको. पण मग पुट्टस्वामीला शेवटच्या प्रकरणात एवढीच जागा, की २०(३) ने आरोपी वाचत नसेल तर कलम २१ वाचवतं का. वीस पानांतली दोन राहतील, दुखेल थोडं.

एक करू नको, पोलीस प्रत्यक्षात किती वेळा फोन उघडायला लावतात याचा सर्व्हे. तो वेगळाच प्रबंध आहे, आकडे हातात येणार नाहीत आणि आले तरी वरच्या प्रश्नाचं उत्तर त्यातून निघत नाही.

गाइडना पुन्हा सिनॉप्सिस पाठवू नको लगेच. अर्धं पान पाठव, त्यात प्रश्न एका वाक्यात, तुझं 'म्हणून'चं वाक्य, विरुद्ध बाजूचा सगळ्यात तगडा मुद्दा आणि चार निकालांची नावं. आणि तळाशी एक तारीख टाक, त्या दिवसापर्यंतचेच निकाल धरलेत अशी, कारण या प्रश्नावर सबमिशनच्या आठ दिवस आधी वरच्या न्यायालयाचा निकाल येऊ शकतो आणि तेव्हा पूर्ण प्रबंध उसवायची वेळ तुझ्यावर यायला नको, तेवढी एक पुरवणी जोडली की झालं.