हिस्ट्री स्क्रीनवर आहे, पण ती मॉडेलपर्यंत जाते का?

प्रश्न: महिनाभर एकाच चॅटमधे कादंबरीवर काम करतेय. वर स्क्रोल केलं की पहिल्या प्रकरणापासून सगळं दिसतं, तरी एआय नायिकेचं माहेर चुकीचं सांगतो, आणि तेही अगदी ठामपणे. समोर दिसतंय ते तो विसरतो कसा?

उत्तर:

तुम्हाला जे दिसतंय ते अ‍ॅपच्या डेटाबेसमधे साठवलेलं आहे आणि तुम्ही स्क्रोल करता तेव्हा अ‍ॅप तिथून आणून दाखवतं. मॉडेल, म्हणजे उत्तर लिहिणारा एआय, तिथे जाऊन काही वाचत नाही. मॉडेलला दोन मेसेजच्या मधे स्वतःचं असं काहीच आठवत नसतं, तुम्ही एंटर दाबला की अ‍ॅप मागच्या संभाषणाचा मजकूर गोळा करतं, त्याच्या शेवटी तुमचा नवा मेसेज जोडतं आणि ते सगळं एकत्र मॉडेलला पाठवतं, आणि हे दर वेळी नव्याने होतं. त्या एका पाठवणीत जे आहे तेवढंच त्याला माहीत (ट्रेनिंगमधून आलेलं सामान्य ज्ञान सोडून, पण तुमची नायिका काही त्यात नाही).

आता या पाठवणीला मर्यादा असते, तिला कॉन्टेक्स्ट विंडो म्हणतात आणि ती टोकनमधे मोजतात. टोकन म्हणजे शब्दाचे तुकडे. मराठीचे तुकडे साधारणपणे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, त्यामुळे तेवढ्याच विंडोत आपला मजकूर कमी मावतो. समजा तुमच्या अ‍ॅपमधे विंडो ३२,००० टोकनची आहे आणि एका मराठी शब्दाला सरासरी ४ टोकन लागतात, म्हणजे जेमतेम ८,००० शब्द झाले. एक प्रकरण १,५०० शब्दांचं आणि त्यावरची चर्चा ५०० ची धरली तर चौथ्या प्रकरणातच विंडो भरली, आणि त्यातही अ‍ॅपच्या स्वतःच्या सूचना आणि येणारं उत्तर यांना जागा ठेवावी लागते ती वेगळीच. हे आकडे फक्त हिशोब कळावा म्हणून घेतलेत, हल्ली काही मॉडेलची विंडो २ लाख टोकन किंवा त्याहूनही मोठी असते, पण मॉडेलची विंडो मोठी असली तरी अ‍ॅप तुमच्या प्लॅनमधे ती पूर्ण देईलच असं नाही.

विंडो भरली की काही अ‍ॅप सर्वात जुने मेसेज पाठवणं बंद करतात, काही जुन्या भागाचा सारांश करून तो पाठवतात, तर काही सरळ नवीन चॅट उघडायला सांगतात. पहिल्या दोन्हीत स्क्रीनवर सहसा काही फरक दिसत नाही आणि खरी अडचण हीच आहे. सारांशात नायिका शिक्षिका आहे, नवऱ्यापासून वेगळी राहते एवढं टिकतं, माहेर अलिबागचं हे गळून जातं. मग मॉडेल रिकामी जागा शोभेलशा नावाने भरतं, कोल्हापूर म्हणा, सातारा म्हणा, आणि वाक्य तितकंच ठाम असतं कारण त्याच्या बाजूने काही हरवल्याची खूणच नसते.

तपासायचं असेल तर अंदाजाने सांगता येणार नाही असा तपशील विचारा आणि उत्तर प्रश्नात येऊ देऊ नका. 'माहेर अलिबागचं होतं ना?' असं विचारलं तर बहुतेक हो म्हणेल, शिवाय तो शब्द आता नवीन मेसेजमधून विंडोत गेला, त्यामुळे पुढचे काही दिवस सगळं बरोबर येईल आणि तुम्हाला वाटेल आठवलं त्याला. 'माहेर कुठलं, आणि ते ज्या वाक्यात आलंय ते जसंच्या तसं दे' असं विचारा. मग ते वाक्य वर जाऊन तुमच्या मूळ मजकुराशी जुळवून बघा. मात्र प्रचंड लांब चॅटमधे मजकूर विंडोत असूनही मधलं एखादं वाक्य मॉडेलच्या नजरेतून सुटू शकतं, त्यामुळे एकदा चुकलं म्हणजे तो भाग गेलाच असं लगेच धरू नका, दोन-तीन वेगवेगळे तपशील विचारा.

मेमरी नावाचं सेटिंग असतं ते आणखी वेगळं. चॅटजीपीटीत ते २०२४ मधे आलं, त्यात तुमच्याबद्दलच्या छोट्या नोंदी चॅटच्या बाहेर साठतात आणि नव्या चॅटमधे सोबत पाठवल्या जातात. म्हणूनच चॅट डिलीट केली तरी त्यातून झालेली नोंद राहू शकते, ती सेटिंगमधे जाऊन वेगळी काढावी लागते. २०२५ पासून जुन्या चॅटचा संदर्भ घेण्याची सोयही आहे, पण म्हणून आधीची सगळी प्रकरणं शब्दन् शब्द दर वेळी वाचली जातात असं नाही, कादंबरीसाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

तुम्ही आता एवढंच करा, एका पानाची पात्रांची यादी बनवा, नाव, वय, माहेर, कोण कोणाचं कोण, कुठल्या प्रकरणात काय घडलं, आणि ती तुमच्याकडे वेगळ्या फाइलमधे ठेवा. प्रत्येक प्रकरणाला नवीन चॅट उघडा, आधी ती यादी पेस्ट करा, मग मागचं एक प्रकरण आणि मग चालू प्रकरण. यादी स्वतःच अपडेट करा, मॉडेलकडून करून घेतलीत तर पेस्ट करण्याआधी प्रत्येक ओळ मूळ प्रकरणाशी ताडून बघा, कारण एकदा चुकीचं माहेर यादीत गेलं की ते पुढच्या प्रत्येक चॅटमधे तुम्हीच पाठवत राहाल.