तारण शेअर्सचा आकडा कसा वाचायचा

तिमाही शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये प्रवर्तकांचे किती शेअर्स तारण आहेत ते आधी बघा. ही टक्केवारी बहुधा प्रवर्तकांच्या हिश्शाची असते, पूर्ण कंपनीची नव्हे. नवखे इथेच गोंधळतात.

समजा, १०० कोटींच्या कर्जासाठी २०० कोटींचे शेअर्स तारण आहेत आणि करारात दुप्पट तारणाची अट आहे. भाव ३० टक्के पडला की तारण १४० कोटींवर येतं. प्रवर्तकाला ६० कोटींचे आणखी शेअर्स किंवा रोख द्यावी लागते. हिश्शातले ९० टक्के शेअर्स आधीच अडकले असतील तर देणार कुठून? मग कर्जदाता तारण शेअर्स बाजारात विकतो, भाव आणखी घसरतो, उरलेलं तारणही अपुरं पडतं. धंदा नीट चालू असला तरीही. म्हणून तिमाहीगणिक तारण वाढत असेल आणि भाव उतरत असेल, तर मी तरी लांबच राहीन.