नवा टॅब उघडून दाखव

‘सर, मी टीवायबीएला आहे. असाइनमेंटमध्ये वेबसाइटचा संदर्भ देण्याआधी ती कशी तपासायची, यावर एफवायच्या मुलांशी दहा मिनिटं बोलायला मॅडमनी सांगितलंय. लेखक बघा, तारीख बघा, डोमेन बघा, अशा याद्या मिळाल्या, पण एवढं ऐकून पोरं झोपतील. काय करू?’

झोपतीलच, आणि त्यात त्यांचा दोष नाही. या याद्यांची गोम अशी की त्या आपल्याला त्याच साइटवर डोळे लावून बसवतात. साइट देखणी करायला आता फार काही लागत नाही आणि .org तर कुणीही विकत घेऊ शकतं.

त्यापेक्षा प्रोजेक्टरवर दोनच साइट लाव: aap.org आणि acpeds.org. पहिली अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची, दुसरी अमेरिकन कॉलेज ऑफ पीडियाट्रिशियन्सची. नावं जुळी, दोन्हीकडे डॉक्टर, दोन्हीकडे गंभीर लेख. कुणाचा संदर्भ द्याल, म्हणून हात वर करायला सांग. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हाच प्रश्न त्यांच्या विद्यार्थ्यांना, इतिहासाच्या पीएचडीवाल्यांना आणि व्यावसायिक फॅक्ट-चेकरना विचारला होता. निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांनी दुसरी साइट जास्त विश्वासाची ठरवली. इतिहासकारही गडबडले. फॅक्ट-चेकर तेवढे चुकले नाहीत, कारण ते पान वाचत बसलेच नाहीत. त्यांनी लगेच नवा टॅब उघडला आणि इतर लोक या संस्थेबद्दल काय म्हणतात ते पाहिलं.

तूही मुलांसमोर हेच टाइप कर:

```
"American College of Pediatricians" -site:acpeds.org
```

वजाच्या खुणेमुळे त्या साइटची स्वतःची पानं गळतात. मग कळतं की अकॅडमी 1930 सालची, साठ हजारांहून जास्त सदस्यांची. समलिंगी जोडप्यांनी मूल दत्तक घेण्याला तिने पाठिंबा दिला म्हणून 2002 मध्ये काही डॉक्टर बाहेर पडले, त्यांचं हे ‘कॉलेज’. सदस्य काही शे. संस्था लहान म्हणून तिचं सगळंच खोटं ठरत नाही. पण ‘अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ म्हणतात’ असं लिहून तिचा हवाला दिला की असाइनमेंट फसलं.

उरलेली तीन मिनिटं आकड्यांना दे, कारण साइट भली असली तरी आकडा शिळा असू शकतो. महाराष्ट्राची 2011 ची साक्षरता शोधायला लाव. कुठे 82.9 टक्के मिळेल, कुठे 82.3. दोन्हीखाली ‘जनगणना 2011’ लिहिलेलं असेल आणि ते खरंही आहे! पहिला आकडा तात्पुरत्या निकालातला, दुसरा अंतिम. पहिला ज्यांनी तेव्हा उचलला, त्यातल्या अनेकांनी तो बदललाच नाही. म्हणून आकडा घ्यायचा तो जनगणनेच्या अंतिम तक्त्यातून, आणि संदर्भही त्या तक्त्याचाच द्यायचा.

आदल्या दिवशी हॉलमधलं वायफाय मात्र तपासून घे, नाहीतर स्क्रीनशॉट काढून ठेव.